टायरवरचा ओरखडा आणि टायरमधला धागा

गाडीचा टायर फुटपाथला घासला की आपण घाबरतो, पण बरेचदा नको त्या खुणेला. बाजू पांढरट पडलेली असते, कंपनीच्या नावाची दोन अक्षरं पुसलेली असतात, रबराची सालपटं लोंबत असतात, आणि टायर गेलाच असं वाटतं. त्याच गाडीच्या दुसऱ्या टायरला आतल्या बाजूने अंगठ्याएवढं गुळगुळीत टेंगूळ आलेलं असतं. त्यावर साधा ओरखडाही नसल्यामुळे तिकडे कुणी पाहत नाही. यातला पहिला टायर झिजेपर्यंत सुखाने धावू शकतो. दुसरा आजच्या प्रवासातही फुटू शकतो.

टायरच्या बाजूवरची जखम किती वाईट दिसते यावरून ती किती धोक्याची आहे हे ठरत नाही. जखम आतल्या धाग्यापर्यंत पोचली आहे का, एवढ्यावरच ते ठरतं.

भार कोण पेलतं

मोटारीचा रेडियल टायर आडवा कापून पाहिला तर त्याची बाजू किती पातळ आहे याचं आश्चर्य वाटतं. रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली, म्हणजे ट्रेडखाली, पोलादी तारांचे दोन पट्टे असतात आणि बहुधा त्यांच्यावर नायलॉनचा एक थर. बाजूला यातलं काही नसतं. सगळ्यात आत हवा धरून ठेवणारं ब्युटिल जातीच्या रबराचं अस्तर, त्यावर पॉलिएस्टरच्या धाग्यांचा एक किंवा दोन थर आणि बाहेरून काळं रबर, एवढीच ती भिंत. रिमवर बसणाऱ्या कडेत तारेचं कडं असतं, त्याला बीड म्हणतात. धागे एका बीडपासून निघतात, टायरच्या पोटावरून वर चढतात आणि पलीकडच्या बीडला जाऊन पोचतात.

हे पाहायला टायर कापायची गरज नाही. बहुतेक टायरांच्या बाजूवर बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ उठवलेली असते : ट्रेड, १ पॉलिएस्टर, २ स्टील, १ नायलॉन, साइडवॉल, १ पॉलिएस्टर. टायरनुसार आकडे बदलतात, पण मोटारीच्या नेहमीच्या टायरवर स्टील हा शब्द ट्रेडच्या पुढेच दिसेल. साइडवॉलपुढे एकच थर लिहिलेला असला तर गाडीचा भार आणि हवेचा दाब त्या बाजूला धाग्यांचा एकच पदर पेलतो आहे, हे लक्षात घ्यायचं.

तीन थरांची कामं वेगवेगळी आहेत. अस्तर हवा गळू देत नाही, पण त्यात ताकद नसते. धागे दाब पेलतात, पण हवा अडवू शकत नाहीत. बाहेरचं रबर यातलं काहीच करत नाही. ऊन, पाणी, ओझोन आणि घासण्यापासून धाग्यांना जपणं हे त्याचं काम. म्हणून ते थोडं खरवडलं गेलं तर टायर दुबळा होत नाही, त्याचं पांघरूण थोडं विरळ होतं. धागा तुटला तर मात्र बाहेरचं रबर कितीही नवं आणि चकचकीत असलं तरी उपयोग नाही.

शिवाय टायरची बाजू सतत वाकत असते. चाकाचा जो भाग खाली येतो तिथे ती फुगते, वर गेल्यावर पुन्हा ताठ होते. १८५/६५ आर १५ या नेहमीच्या मापाच्या टायरचा परीघ जेमतेम दोन मीटर भरतो, म्हणजे एका किलोमीटरला हे पाचशेहून जास्त वेळा घडतं. ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला चौदा वेळा. बाजूवरची छोटी चीर दर फेऱ्याला उघडते आणि मिटते. ती वाढणार की तशीच राहणार हे तिची खोली आणि जागा ठरवतात. बाजूवर मारलेला पॅच टिकत नाही, त्याचंही कारण हेच. पंक्चर ट्रेडच्या मधल्या भागात दुरुस्त होतं, कारण तो भाग पट्ट्यांमुळे ताठ असतो.

नुसतं घासलेलं

कडेला गाडी लावताना जी घासाघीस होते ती बहुधा रिमच्या लगत होते. अनेक टायरांना तिथे मुद्दाम एक जाड उंचवटा दिलेला असतो. घासायचं झालं तर अलॉयच्या आधी आपण घासायचं, हेच त्याचं काम. त्याच्या मागे बीडलगतचं कडक रबर असतं. या पट्ट्यातले पांढरट ओरखडे, सालपटं, खडबडीतपणा हे जवळजवळ नेहमीच दिसण्यापुरतं नुकसान असतं. इथे टायरपेक्षा रिमकडे जास्त लक्ष द्यावं. अलॉयची कड वाकली असेल किंवा तिला तडा गेला असेल, तर हवा तिथून हळूहळू जाते आणि दोष टायरला दिला जातो.

खरा विचार करायचा तो मधल्या भिंतीचा आणि तिच्या वरच्या, ट्रेडकडे वळणाऱ्या भागाचा. भिंत जास्त वाकते ती इथे, आणि धाग्यावरचं रबर इथे दोन-तीन मिलीमीटरच असतं. खोलीचा अंदाज घ्यायला टायरवरच एक माप दिलेलं आहे, ते म्हणजे उठावाची अक्षरं. ती साधारण अर्धा ते एक मिलीमीटर उंच असतात. ओरखड्यात अक्षरांचा माथा झिजलाय पण आकार अजून वाचता येतोय, तर घासणं अक्षरांपुरतंच राहिलं. अक्षरं साफ गेली आणि त्याखालचा पृष्ठभागही बोटाला खोलगट लागतोय, तर पांघरुणाचा बराच भाग खर्ची पडला. आणि खरवडलेल्या जागी एकमेकांना समांतर बारीक रेघा दिसू लागल्या असतील तर त्या ओरखड्याच्या नाहीत, खालच्या धाग्यांच्या आहेत. तो टायर बाद.

सालपटं ओढून काढू नयेत. ओढली की ती चांगल्या रबरात फाटत जातात. सुपरग्लूने चिकटवूही नयेत. तो थर वाळून कडक होतो, भिंत वाकताना त्याच्या कडेला नवी चीर पडते, आणि खाली काय आहे हे पाहायची सोय उरत नाही.

एका खुणेला मात्र घासल्याची खूण समजून सोडून देऊ नये. ओरखडा एका जागी नसून टायरभर गोल पट्टा उमटला असेल, विशेषतः भिंतीच्या वरच्या भागात, तर तो फुटपाथचा नाही. हवा फार कमी असताना गाडी चालवल्याची ती खूण आहे. भिंत दुमडून चालत राहिली की आतलं अस्तर भाजतं आणि सोलवटतं. असा टायर रिमवरून उतरवला की आत काळी रबराची भुकटी सापडते. ती दिसली तर पंक्चर काढून, हवा भरून तो टायर पुन्हा चढवू नये. बाहेरून तो धडधाकट दिसला तरी आत धागे शिजलेले असतात.

कट कसा पाहावा

काँक्रीटच्या रस्त्याची उघडी कड, दुभाजकाचा तुटलेला कोपरा, बाहेर आलेली सळई यांनी पडलेली चीर ओरखड्यासारखी पसरट नसते. तिचं तोंड बारीक असतं आणि खोली आत असते. वरवर पाहून तिच्याबद्दल काहीच ठरवता येत नाही. आधी ती धुवावी लागते. साबणाचं पाणी, जुना टूथब्रश, मग कोरडं फडकं. टॉर्च तिरपा धरावा आणि चमच्याच्या दांड्यासारख्या बोथट वस्तूने चिरेचे काठ हलकेच बाजूला करावेत. स्क्रू ड्रायव्हर किंवा चाकू नको, नाहीतर तपासतानाच चीर खोल होईल.

तळाशी काळं, एकसंध रबर दिसलं तर कट वरच्या थरातच आहे. पांढरट किंवा तपकिरी तंतू दिसले तर धागा उघडा पडला आहे. मग चिरेची लांबी किती हा प्रश्नच उरत नाही. ब्रिटनमधल्या वाहनांच्या वार्षिक तपासणीचा नियम असाच आहे. धाग्यांपर्यंत पोचलेला कट २५ मिलीमीटर किंवा टायरच्या रुंदीच्या १० टक्के, यात जे जास्त असेल त्याहून लांब असेल तर टायर नापास. पण बोथट वस्तूने काठ बाजूला केल्यावर धागा डोळ्यांना दिसला, तर लांबी कितीही असो, टायर नापासच.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९४ टायरच्या स्थितीबद्दल आहे. झिजेमुळे, कटामुळे किंवा घासण्यामुळे आतलं कापड उघडं पडलेला टायर आणि एखाद्या जागी आकार बिघडलेला किंवा सूज आलेला टायर तो सदोष धरतो. या नियमातही भर ओरखड्याच्या आकारावर नाही, धागा आणि सूज यांवर आहे.

चिरेची दिशाही पाहावी. धागे रिमकडून ट्रेडकडे जातात, त्यामुळे त्याच दिशेने पडलेली उभी चीर दोन धाग्यांच्या मधून जाण्याची थोडी तरी शक्यता असते. टायरच्या गोलाईबरोबर जाणारी आडवी चीर मात्र खोल गेली तर एकामागून एक धागे कापत जाते, आणि भिंत वाकताना ती जास्त उघडतेही. म्हणून लांबी सारखीच असली तरी आडव्या चिरेबद्दल जास्त साशंक राहावं.

साबणाचं पाणी टाकल्यावर बुडबुडे आले तर निकाल लागलाच. न आले म्हणून टायर सुटला असं नाही. हवा अस्तर अडवतं, आणि धागे कापले गेले तरी अस्तर शाबूत असू शकतं. शिवाय धाग्यापर्यंत गेलेल्या चिरेतून पाणी शिरतं, धागा आणि रबर यांची पकड सुटत जाते. त्यामुळे पावसाळ्याच्या सुरुवातीला बरा वाटलेला असा कट दिवाळीपर्यंत तसाच राहील याची खात्री नसते.

टेंगूळ आणि खाच

ताशी पन्नास-साठच्या वेगाने खड्ड्याची कड लागते तेव्हा टायरची भिंत कड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली जाते. रबर स्वतःच्या लांबीच्या कित्येक पट ताणलं जाऊ शकतं; पॉलिएस्टरचा धागा थोडासाच ताणतो आणि तुटतो. म्हणून वरून चीर नाही, आतून हवा गेली नाही, पण मधले धागे तुटले, असं होतं. तुटलेल्या धाग्यांच्या जागी दाब पेलायला काही उरत नाही आणि रबर बाहेर येतं. सायकलच्या फाटक्या टायरमधून ट्यूबचा फुगा डोकावतो, तसंच हे. टायरवाले याला फुगा किंवा बबल म्हणतात. तो धक्क्यानंतर लगेच दिसेलच असं नाही. काही धागे तुटले की शेजारच्यांवर भार येतो, तेही सुटत जातात, आणि टेंगूळ काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी वर येतं.

टेंगळाच्या उलट असते ती खाच. टायरमध्ये पूर्ण हवा असताना भिंतीवर रिमकडून वर जाणारी एक उथळ उभी खोलगट रेघ दिसते. पुष्कळ जण तिलाही घाबरतात. कारखान्यात धाग्यांचा थर गोल गुंडाळला की त्याची दोन टोकं एकमेकांवर थोडी चढवतात. त्या पट्टीत धागे दुप्पट होतात, म्हणून तिथे भिंत शेजारच्यापेक्षा कमी फुगते आणि खाच दिसते. रेडियल टायरमध्ये हे नेहमीचं आहे, त्यात धोका नाही. डोळ्यांना शंका आली तर तळहात फिरवावा किंवा पट्टी टेकवावी. आत गेलेलं असेल तर बहुधा जोड. बाहेर आलेलं असेल तर धागा तुटलेला, असं धरून चालावं.

एका टायरवरच्या तीन खुणा

एक उदाहरण घेऊ. हॅचबॅक गाडी, पुढचा डावा टायर, माप १८५/६५ आर १५, तारखेचे चार आकडे १८२२, म्हणजे २०२२ च्या अठराव्या आठवड्यात बनलेला. पावसात दुचाकीला वाट देताना डावं चाक काँक्रीटच्या कडेवरून खाली उतरलं आणि तिरकं घासत पुन्हा वर चढलं. त्याच्या आदल्या आठवड्यात एक खड्डा जोरात लागला होता. हवा थंड टायरमध्ये मोजली तर ३३ पीएसआय, जेवढी हवी तेवढीच.

पहिली खूण रिमच्या लगत, बारा सेंटीमीटर लांबीचा पांढरट पट्टा. अलॉयची कडही खरवडली आहे, पण वाकलेली नाही. ही सगळ्यात जास्त डोळ्यांत भरते आणि सगळ्यात निरुपद्रवी आहे. काही करायची गरज नाही.

दुसरी मधल्या भिंतीवर, वीस मिलीमीटरची आडवी चंद्रकोर. रबराचा छोटा पापुद्रा उचललेला. धुऊन, काठ बाजूला करून पाहिलं तर तळ काळा, खोली शेजारच्या अक्षराच्या उंचीएवढी. बुडबुडे नाहीत. हा टायर चालवता येतो, पण नजर ठेवून. पट्टी शेजारी धरून फोटो काढावा, चिरेच्या दोन्ही टोकांना रंगाचा ठिपका द्यावा, आठवड्याने आणि मग प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी पाहावं. चीर ठिपक्यापलीकडे गेली किंवा तळाशी रंग बदलला तर टायर काढावा.

तिसरी खूण बाहेरून दिसतच नाही. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवून टायरची आतली बाजू पाहिल्यावर तिथे चार बाय तीन सेंटीमीटरची सूज आढळते. ओरखडा नाही, हवा गेलेली नाही. टायर उतरवून आतून पाहिला तर त्याच जागी अस्तरावर एक बारीक घडी, आणि अंगठ्याने दाबलं की शेजारच्यापेक्षा मऊ लागतं. ३३ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सव्वादोन-अडीच किलोचा जोर. एवढ्याशा टेंगळावर आतून वीसेक किलोचा जोर पडतो आहे, आणि तो अडवायला फक्त रबर उरलं आहे. टायर बाद.

अशा वेळी दुकानात तीन सल्ले हमखास मिळतात. पहिला, टायर मागे टाका. पण मागचा टायर वेगात फुटला तर गाडी मागून घसरते आणि फिरते. सामान्य चालकाला ती सावरणं पुढच्या टायरपेक्षा अवघड जातं. दुसरा, स्टेपनी म्हणून ठेवा. स्टेपनी लागते ती अडचणीत, बहुधा रात्री, भरल्या गाडीत. तेव्हा तुटक्या धाग्यांचा टायर चढवण्यात अर्थ नाही. तिसरा, आतून गेटर लावून ट्यूब टाकून देतो. ट्यूब हवा धरते, दाब पेलत नाही. धाग्यांचं काम तिच्याकडून होत नाही. गेटर, म्हणजे आत बसवलेला जुन्या टायरचा तुकडा, दर फेऱ्याला घासत राहतो, तापतो आणि शेवटी ट्यूबच कापतो.

टेंगूळ दिसल्यावर गाडी घरापर्यंतसुद्धा त्या टायरवर नेऊ नये. तिथेच स्टेपनी चढवावी. स्टेपनी बारीक चाकाची असेल तर तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा छापलेली असते, ती पाळावी. नवा टायर घेताना त्याच आसावरच्या दुसऱ्या टायरची झीज पाहावी. तो अर्ध्याहून जास्त झिजला असेल तर जोडीच बदललेली बरी.

बाहेरून पाहण्याची मर्यादा

बाहेरून केलेली तपासणी निम्मीच असते. काही वेळा टायर रिमवरून उतरवून आतून पाहणं भाग आहे : धक्क्याने रिमची कड वाकली असेल, चिरेचा तळ दिसतच नसेल, हवा दर आठवड्याला दोन-तीन पीएसआयने उतरत असेल, किंवा टायरभर गोल पट्टा उमटला असेल. उतरवून पुन्हा चढवायला, बॅलन्सिंग करायला लागणारा खर्च नव्या टायरच्या मानाने किरकोळ असतो. समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर, जिथे मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे आणि तासन्तास तोच वेग राहतो, तिथे निघण्याआधी तर तो करावाच. शहरात ताशी चाळीसने महिनोन्महिने तग धरलेली कमजोर भिंत तिथे सलग तापते आणि पहिल्यांदा फुटण्याची शक्यता तिथेच असते. जोराचा खड्डा लागल्यावर टायर त्या दिवशी ठीक दिसला तरी पुढचे तीन-चार आठवडे हवा भरताना चारही टायरांच्या दोन्ही बाजूंवरून हात फिरवावा, आणि आतली बाजू कधी चुकवू नये.